रिपोर्टमध्ये 'सेन्सिटिव्ह', गुडघ्यात मात्र मुक्काम

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोर निम्मे तरी द्राक्षवाले दिसताहेत, म्हणून ड्रीपपासूनच सुरुवात करतो. लॅटरलचं शेवटचं टोक उघडून पाणी सोडलं की आधी काय बाहेर पडतं? तपकिरी, बुळबुळीत, शेंबडासारखा गाळ. फिल्टर बसवलेला असतो, पाणी दिसायला स्वच्छ असतं, तरी नळीला आतून थर चढतोच. नुसतं जोरात पाणी मारून तो सगळा सुटत नाही. क्लोरीन सोडावं लागतं, आणि ते नळीत काही काळ कोंडून ठेवावं लागतं. हे तुम्हाला मी सांगायला नको. रामकुंडाच्या पायरीवर पाय घसरतो, तोही अशाच थरामुळे.

आज या थराबद्दल बोलायचं आहे, फक्त नळीतल्या नव्हे, माणसाच्या गुडघ्यातल्या. त्याला बायोफिल्म म्हणतात. मराठीत जैवपटल असा शब्द केला आहे, पण तो ऐकला की डोळ्याला काही झालंय असं वाटतं. आपण बायोफिल्मच म्हणू.

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर. माझ्याकडे पेशंट येत नाहीत, त्यांच्या बाटल्या येतात. अशाच एका बाटलीची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

निफाडकडच्या एक आजी, वय अडुसष्ट. गुडघा बदलून घेतला. दोन महिने छान गेले, आजी मळ्यात फिरायला लागल्या. मग गुडघा ठणकायला लागला. ताप नाही, लाली फारशी नाही, पण रात्री ठणका. टाक्याच्या खालच्या टोकाला एक बारीक पुटकुळी आली, फुटली, पाण्यासारखं काही आलं आणि सुकलं. जवळच्या डॉक्टरांनी सात दिवस अँटिबायोटिक दिलं. दुखणं कमी झालं. गोळ्या संपल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम, पुन्हा ठणका. असे तीन फेरे झाले. एक्स-रे बघितला तर सगळं जागच्या जागी. शेवटी कुणीतरी सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं, तेही गोळ्या चालू असताना. रिपोर्ट आला: 'नो ग्रोथ', जंतू वाढले नाहीत. घरच्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

आता आजींना तिथेच थांबवून गुडघ्याच्या आत जाऊ.

धातूचा सांधा शरीरात बसवला की काही क्षणांत त्याच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा लेप बसतो. म्हणजे जंतूला चकचकीत धातू भेटतच नाही, भेटतो तो हा लेप. आपल्या त्वचेवर कायम वस्तीला असलेले स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू हीच प्रथिनं पकडायला तरबेज असतात. तिथे आपल्या पेशी आधी पोहोचल्या तर त्या पृष्ठभाग व्यापून टाकतात. जंतू आधी पोहोचले तर जागा त्यांची. ग्रिस्टिना नावाच्या अमेरिकन सर्जननी 1987 मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं होतं. जंतू चिकटला की काही तासांत वाढायला लागतो, आणि भोवती स्वतःच बांधकाम करतो. साहित्य काय? चिकट साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या भाऊबंदांचा डीएनए. काही दिवसांत पक्की वस्ती उभी राहते.

किती जंतू पुरतात? 1957 मध्ये इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर एक प्रयोग केला. आज तशी परवानगी कुणी देणार नाही. नुसते जंतू टोचून पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले. पण त्यांच्यासोबत रेशमाचा साधा टाका ठेवला, की काही शेकड्यांत काम झालं. एका दोऱ्याने एवढा फरक, इथे तर मुठीएवढा धातू आहे.

मग आपल्या पांढऱ्या पेशी काय करतात? त्या येतात, येत नाहीत असं नाही. पण त्यांची पद्धत म्हणजे जंतूला गिळून आत पचवणं. इथे जंतू सुटा नाही, तो धातूला आणि चिकट थराला जखडलेला आहे. गिळता येत नाही म्हणून पेशी आपली रसायनं तिथेच ओतून मोकळी होते. त्यातून आजूबाजूचं हाड आणि ऊती भाजून निघतात, आणि पेशी दमून जाते. वर्षभराने सांधा हलायला लागतो, त्याला हा सततचा धुमसणारा जाळही कारण असतो.

आता अँटिबायोटिक. इथे बहुतेकांची समजूत अशी की थर जाड असतो म्हणून औषध आत पोहोचत नाही. काही औषधांची वाट थोडी अडते, पण बरीचशी औषधं आत पोहोचतात. खरी अडचण वेगळी आहे. थराच्या खालच्या भागात प्राणवायू कमी, अन्न कमी. तिथले जंतू वाढणं जवळजवळ थांबवतात. पेनिसिलिनसारखं औषध मारतं ते भिंत बांधणाऱ्या जंतूला. ज्याने बांधकामच बंद ठेवलंय, त्याचं ते काय बिघडवणार? 1944 मध्ये जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनमध्ये बुडवूनही मोजके जंतू उरतात हे दाखवलं. गंमत म्हणजे त्या उरलेल्यांना पुन्हा वाढवलं, तर त्यांची पिल्लं पेनिसिलिनने नेहमीसारखीच मरत होती. म्हणजे हा प्रतिकार नव्हे, ही झोप आहे. बिगरनी त्यांना दिलेलं 'पर्सिस्टर' हे नाव आजही चालतं, मी त्यांना चिवट म्हणतो.

आता तुमच्या हातातला रिपोर्ट बघा. आम्ही प्रयोगशाळेत जंतू ताज्या खाद्यावर वाढवतो, धष्टपुष्ट, सुटे, वेगाने वाढणारे. त्यांच्यावर औषध लावतो, ते मेले की लिहितो 'सेन्सिटिव्ह', म्हणजे या औषधाला दाद देणारा जंतू. ते खोटं नसतं. पण ते सुट्या जंतूबद्दल असतं. तोच जंतू थरात असताना त्याला मारायला शेकडो पट, कधी हजार पटही औषध लागू शकतं, आणि एवढं औषध रक्तात चढवलं तर पेशंट आधी जाईल. आजींच्या तीन फेऱ्यांचा उलगडा इथे होतो. गोळ्यांनी थरातून सुटून बाहेर आलेले जंतू मारले, म्हणून आराम. थर जागेवर, म्हणून पुन्हा ठणका. आणि 'नो ग्रोथ' का? कारण गोळ्यांमुळे पाण्यात सुटे जंतू उरलेच नव्हते. बाकीचे धातूवर बसून होते, ते सुईत येत नाहीत.

आजींना पुढे एका सर्जनकडे पाठवलं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गोळ्या बंद. घरचे घाबरले, पण आजींना ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता, म्हणून थांबता आलं. पेशंट तापाने फणफणला असेल तर असं थांबत नाहीत. दोन आठवड्यांनी पुन्हा पाणी काढलं. पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला नऊ हजार. बदललेल्या गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात तीन हजारांच्या वर गेलं की संशय धरतात. ते पाणी लावलेली जंतू वाढवायची प्लेट मी नेहमीसारखी दोन दिवसांत फेकली नाही, दोन आठवडे ठेवायचं ठरवलं. पाचव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. हा तुमच्या-माझ्या कातडीवरचा जंतू, त्यामुळे एकाच नमुन्यात आला तर तो सुई टोचताना आलाय की आतूनच, हे सांगता येत नाही.

म्हणून ऑपरेशनच्या वेळी सहा वेगवेगळ्या जागांचे तुकडे घेतले, प्रत्येकाला वेगळी स्वच्छ अवजारं. चारांत तोच जंतू आला. काढलेला सांधाही आम्ही निर्जंतुक डब्यात द्रवात बुडवून ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवला. सोनाराकडे दागिने साफ करायचं छोटं यंत्र असतं ना, तत्त्व तेच. थर सुटतो, जंतू द्रवात येतात, तो द्रव प्लेटवर लावायचा. 2007 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मंडळींनी याची ऊतीच्या तुकड्यांशी तुलना केली. ऑपरेशनआधीच्या चौदा दिवसांत ज्यांना अँटिबायोटिक मिळालं होतं, त्यांच्यात तुकड्यांनी 45 टक्के संसर्ग सापडले, धातू हलवून काढलेल्या द्रवाने 75 टक्के.

आजींचा सांधा काढून तिथे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला, सहा आठवडे औषधं दिली आणि नंतर नवा सांधा घातला. मधले दोन-अडीच महिने वॉकर. दोन मोठी ऑपरेशनं, आणि खर्च पहिल्याच्या दुप्पट नव्हे, जास्तच.

हे टळलं असतं का? कदाचित. पुटकुळी आली त्याच आठवड्यात सांधा उघडून, धुऊन, मधला प्लास्टिकचा भाग बदलून धातू जागेवर ठेवता येतो का, ते बघता आलं असतं. थर कच्चा असतो तेव्हाच हे जमतं. दुखणं सुरू होऊन साधारण तीन आठवड्यांच्या आत, सांधा घट्ट असताना, आणि आतपर्यंत वाहणारं भोक पडलेलं नसताना. तिथे एक औषध फार उपयोगी पडतं, रिफॅम्पिसिन. हो, टीबीचंच. ते थरातल्या मंद स्टॅफिलोकोकसवरही चालतं. 1998 मधल्या स्विस अभ्यासात धातू न काढता उपचार पूर्ण केलेल्यांत, रिफॅम्पिसिनची जोड मिळालेले बारापैकी बारा बरे झाले, न मिळालेले बारापैकी सात. आकडे लहान आहेत, हे विसरू नका. आणि ते एकटं द्यायचं नाही. एकाच बदलाने जंतू त्याला दाद देईनासा होतो. आपल्याकडे तर ते सुरू करण्याआधी टीबी नाही ना, याचाही विचार व्हायलाच हवा.

लघवीसाठी पेशंटला घालतात त्या नळीबद्दल एकच गोष्ट. तिथेही हाच थर. पंधरा दिवसांपेक्षा जुन्या नळीतून घेतलेला नमुना मुख्यतः नळीवरच्या वस्तीची खबर देतो. संसर्गाची लक्षणं असतील तर आधी नळी बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा. लक्षणं नसताना नळीतली लघवी तपासून जंतू दिसले म्हणून औषध देणं, यासारखा वायफळ उद्योग नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: माझा गुडघा बदलून तीन वर्षं झाली, काही त्रास नाही. आता सुटलो का?)

काका, त्रास नाही ना, मग चालत राहा. ऑपरेशनच्या वेळचा धोका मागे पडलाय. एक वाट मात्र उघडी राहते, रक्तातून येणारी. पायाला चिघळलेली जखम, मोठं गळू, अशा ठिकाणचे जंतू रक्तातून सांध्यावर जाऊन बसू शकतात. एरवी ठणठणीत असलेला गुडघा अचानक सुजला, गरम झाला, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. आणि वाटेत मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन तोंडात टाकू नका. आधी सांध्यातलं पाणी काढू दे, मग गोळी.