चावी दुप्पट लांब का करायची?

क्वांटम कॉम्प्युटर आला की सगळं एन्क्रिप्शन गेलं, असं सर्रास बोललं जातं. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असतं यावर उभ्या असलेल्या आरएसए या एन्क्रिप्शनच्या बाबतीत ही भीती खरी आहे, तिथे शोरचा क्वांटम अल्गोरिदम सरळ ते गणितच फोडतो आणि चावी दुप्पट करूनही फार काही हाती लागत नाही. पण तुमच्या हार्ड डिस्कवरचा डेटा ज्याने लॉक होतो ते एईएस वेगळं आहे. त्यात तसली चोरवाट अजून कुणाला सापडलेली नाही, म्हणजे क्वांटम मशीनलाही चावी शोधतच बसावं लागतं, फक्त कमी फेऱ्यांत.

ही शोधायची पद्धत १९९६ मध्ये बेल लॅब्जमधल्या लव ग्रोव्हर यांनी मांडली. ती कशी चालते ते छोट्या चावीवर बघू. समजा चावी फक्त ४ बिटची आहे, म्हणजे एकूण १६ चाव्या, त्यातली एकच बरोबर.

[पडद्यावर: सारख्या उंचीच्या १६ पट्ट्या]

क्वांटम मशीन सुरुवातीला सोळाही चाव्या एकदम धरतं, प्रत्येकीच्या वाट्याला ०.२५ हा आकडा. याचा वर्ग केला की ती चावी मिळण्याची शक्यता निघते, म्हणजे सोळात एक. आता पहिली फेरी. ज्या चावीने आपल्याकडचा माहितीतला मजकूर बरोबर एन्क्रिप्ट होतो, तिच्या आकड्याचं चिन्ह उलटं करायचं, ०.२५ चं उणे ०.२५. मग सगळ्यांची सरासरी काढायची, ती येते साधारण ०.२१९, आणि प्रत्येक आकडा सरासरीच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर नेऊन ठेवायचा. चुकीच्या चाव्या उतरतात ०.१८७५ वर, बरोबर चावी उडी मारते ०.६८७५ वर. एका फेरीत शक्यता ६ टक्क्यांवरून ४७ वर! दुसऱ्या फेरीत ९१, तिसऱ्या फेरीत ९६.

आणि इथेच थांबायचं. हौसेने चौथी फेरी मारली तर शक्यता ५८ वर घसरते, पाचवीत साडेबारा टक्के. ही गंमत फार कमी लोक सांगतात, म्हणजे जास्त शोधलं तर जास्त सापडतं असं इथे नाहीच. तिसऱ्या फेरीनंतर मोजायचं, जी चावी मिळेल ती साध्या कॉम्प्युटरवर तपासायची, चुकीची निघाली तर पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे १६ चाव्यांना ३ फेऱ्या, आणि मोठ्या चावीला साधारण एकूण चाव्यांच्या वर्गमुळाइतक्या. एईएस-१२८ मध्ये चाव्या आहेत २ चा १२८ वा घात, वर्गमुळ काढलं की उरतो २ चा ६४ वा घात. कागदावर चावी अर्धी झाली!

कागदावर, हं. एका फेरीला एक मायक्रोसेकंद धरला, जो एरर करेक्शनसकट बघता फारच उदार आहे, तरी एका मशीनला साडेचार लाखांहून जास्त वर्षं लागतात. मग म्हणाल, जास्त मशीन लावू. साध्या कॉम्प्युटरचं तसं चालतं, १०० मशीन लावली की काम १०० पट लवकर. ग्रोव्हरमध्ये मात्र प्रत्येक मशीनच्या वाट्याला चाव्यांचा शंभरावा भाग येतो आणि फेऱ्या त्याच्या वर्गमुळाने कमी होतात, म्हणजे फायदा फक्त १० पट. तेच काम वर्षभरात आणायचं तर २० हजार कोटींच्या वर क्वांटम मशीन लागतील.

तरीही ६४ बिट हा आकडा डोक्यात ठेवून निवांत झोपायला कुणाला आवडत नाही, आणि उपाय इतका स्वस्त आहे की वाद घालत बसण्यात अर्थ नाही. एईएस-२५६ घ्या. त्याच्या चाव्यांच्या संख्येचं वर्गमुळ येतं २ चा १२८ वा घात, म्हणजे ग्रोव्हर लावूनसुद्धा आपण जिथे होतो तिथेच. आणि आपल्याला खर्च किती? आतल्या राउंड १० च्या १४ होतात, काम साधारण ४० टक्के वाढतं, फोनला ते जाणवतही नाही.

उद्या कुणी ग्रोव्हरपेक्षा भारी शोध काढला तर? बेनेट, बर्नस्टाइन, ब्रसार्ड आणि वझिरानी यांचं १९९७ मध्ये छापलेलं काम सांगतं की आत काय चाललंय ते न बघता नुसत्या चाव्या लावून बघायच्या असतील, तर वर्गमुळाच्या खाली क्वांटम मशीनही जाऊ शकत नाही. एईएसच्या रचनेतच कुणाला भोक सापडलं तर गोष्ट वेगळी. आणि चावी जर आठ अक्षरी पासवर्डवरून बनली असेल तर २५६ हा आकडा नावापुरताच, हल्ला करणारा पासवर्डच शोधणार.

अमेरिकेतही यावर एकच सूर नाही. एनएसए या गुप्तचर संस्थेने २०२२ मध्ये आपल्या गोपनीय यंत्रणांसाठी थेट एईएस-२५६ मागितलं, तर तिथलीच मानकं ठरवणारी संस्था एनआयएसटी पोस्ट-क्वांटम, म्हणजे क्वांटम मशीनपुढेही टिकावेत म्हणून बनवलेल्या, अल्गोरिदमची सर्वात खालची सुरक्षा पातळी अजूनही एईएस-१२८ वरच मोजते.