क्लायंटचे काम सोडताना पाठवायचा शेवटचा ईमेल

नमस्कार. धरमपेठेतून काम करणारी एक फ्रीलान्स वेब डिझायनर आहे, असे समजू. बुटीबोरीतील एका कारखान्याच्या वेबसाइटचे काम तिने ९० हजार रुपयांत, प्रत्येकी ३० हजारांच्या तीन टप्प्यांत घेतले. पहिल्या टप्प्याचे पैसे मिळाले आणि दुसऱ्याचे बिल अडकले. तिसऱ्या टप्प्यातील पाचपैकी दोन पाने तयार असताना, रोज बदलणाऱ्या मागण्यांमुळे तिने काम सोडायचे ठरवले आहे.

हा ईमेल मालकाकडून त्यांच्या अकाउंटंटकडे जाणार, हे लक्षात ठेवूनच तो लिहावा. भांडणाची काहीच कल्पना नसलेल्या त्या माणसाला पहिल्या वाचनात हिशेब कळला पाहिजे. म्हणून मजकूर एवढाच असावा:

“आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार. ३१ तारखेनंतर मी आपल्या वेबसाइटचे काम पुढे करू शकणार नाही. दुसऱ्या टप्प्याचे ३० हजार आणि तयार दोन पानांचे १२ हजार, असे ४२ हजार रुपये येणे आहेत. दोन्ही बिले सोबत जोडली आहेत. हिशेब मान्य असल्याचे याच ईमेलवर कळवावे आणि रक्कम १५ तारखेपर्यंत जमा करावी, ही विनंती. डोमेन व होस्टिंगचे लॉगिन आजच आपल्याकडे सुपूर्द करीत आहे. तयार दोन पानांच्या मूळ फाइल्स रक्कम जमा झाल्यावर देईन.”

यातील सर्वांत मोलाचे वाक्य हिशेब मान्य करून घेण्याचे आहे, कारण एकदा लेखी होकार आला की पैसे देणे लागतात की नाही हा वाद संपतो आणि ते कधी द्यायचे एवढाच प्रश्न उरतो. मात्र अर्धवट टप्प्याचा दर करारात ठरलेला नसेल, तर १२ हजारांवर हरकत येऊ शकते. त्यामुळे दोन्ही रकमांची बिले वेगळीच ठेवावीत, म्हणजे एकीवरच्या वादात दुसरी अडकत नाही. करारात नोटिशीची मुदत असेल, तर ३१ तारीख तिच्याशी जुळते का, हेही पाहून घ्यावे.

लॉगिन अडवून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. डोमेन कारखान्याच्या मालकीचे आहे, आणि नागपूरच्या व्यावसायिक वर्तुळात “तिने वेबसाइट बंद पाडली” ही गोष्ट थकलेल्या बिलापेक्षा फार लवकर पसरते. ज्या दोन पानांचे पैसे आलेले नाहीत, त्यांच्या मूळ फाइल्स मात्र रक्कम जमा झाल्यावर द्याव्यात आणि तसे ईमेलमध्ये स्पष्ट लिहावे.

पुष्कळदा उत्तर येते, “२५ हजार घ्या आणि विषय संपवा.” तेवढे मान्य नसेल, तर पैसे खात्यात येण्याआधीच कळवावे की ही रक्कम हिशेबात जमा धरली जाईल आणि १७ हजार येणे राहतील. त्यांनी १० टक्के टीडीएस कापला असेल, तर ती रक्कम थकबाकी समजू नये. ती आपल्या पॅनवर जमा झाली का, ते आयकर खात्याच्या पोर्टलवर पाहावे.

काम घेण्यापूर्वी उद्यम नोंदणी झालेली असेल, तर एमएसएमई कायदा, २००६ नुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागते. याचा उल्लेख पहिल्या ईमेलमध्ये नको. १५ तारीख उलटल्यावर पाठवायच्या स्मरणपत्रात, नोंदणी क्रमांकासह, तो एका वाक्यात करावा.