पालीची शेपटी, पालीचा पाय

(दृश्य: रात्र. वाळपईजवळच्या एका घराची ओसरी. चिऱ्याची भिंत, ट्यूबलाइट, बाहेर पावसाची झड.)

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या घरांत पाऊस सुरू झाला की ट्यूबलाइटभोवती किडे जमतात आणि किड्यांमागून पाली येतात. या ओसरीवर परवा मांजराने एकीवर झडप घातली. पाल निसटून वाशावर गेली. मांजराच्या पंजाखाली उरली ती नुसती शेपटी, आणि तीही अशी वळवळत होती की मांजर तिच्यातच गुंतून पडलं.

"आजी, आता हिची शेपटी गेलीच का?"

"तिला नवी येते रे. तुझं बोट नाही येणार. दाराच्या फटीत हात घालू नकोस."

आजीचं पहिलं वाक्य अगदी खरं आहे. दुसऱ्यात थोडीशी चूक आहे, तिच्याकडे नंतर वळू.

(दृश्य: तुटलेल्या शेपटीचं टोक, अगदी जवळून.)

शेपटी तुटली म्हणतो आपण, पण हाड वाटेल तिथे मोडलेलं नाही. पालीच्या शेपटीतल्या बहुतेक मणक्यांत, मणक्याच्या मधोमध, एक कमकुवत रेघ जन्मापासूनच असते. पोस्टाच्या तिकिटांच्या कागदावर भोकांची ओळ असते ना, तशी. दोन मणक्यांमधल्या सांध्यावर ती नसते, मणक्याच्याच अंगात असते. पाल स्नायू आवळते आणि त्या रेघेवर शेपटी सुटते. तिथल्या रक्तवाहिन्या लगेच आकसतात, म्हणून या फरशीवर रक्ताचा जेमतेम एखादा ठिपका आहे.

मग एरवी, धावताना, उडी मारताना, ही शेपटी गळून का पडत नाही? २०२२ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबू धाबी केंद्रातल्या संशोधकांनी तुटलेल्या भागातले स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एका भागाचे स्नायू दुसऱ्या भागात बोटांसारखे शिरलेले होते आणि त्यांच्या टोकांवर अळंब्यांच्या आकाराचे असंख्य सूक्ष्म खांब होते. सरळ ओढलं तर हे खांब घट्ट धरून ठेवतात. शेपटी वाकवली की मात्र एका कडेपासून ते सुटत जातात, भिंतीवरचा चिकटपट्टीचा तुकडा कोपऱ्यातून सोलावा तसे.

कुंपणावरचा सरडा मात्र हे करू शकत नाही. त्याच्या मणक्यांत ती रेघच नाही. त्याची शेपटी तुटली तर ती इजाच, आणि ती परत येत नाही.

(दृश्य: तीच पाल, काही दिवसांनी. शेपटीच्या जागी आखूड गोल टोक.)

आता पुढचे दिवस पाहा. आधी जखमेवर कातडीच्या पेशी चारी बाजूंनी सरकत येतात आणि एक पातळ पडदा तयार करतात. त्याखाली पेशींचा एक छोटा ढीग जमतो. शास्त्रज्ञ त्याला ब्लास्टेमा म्हणतात, आपण अंकुर म्हणू. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं अस्तर एका नळीच्या रूपाने या अंकुरात वाढत जातं आणि आजूबाजूच्या पेशींना इशारे देतं. त्या इशाऱ्यांवर तिच्याभोवती कूर्चा तयार होते, कानाच्या पाळीत असते तशी मऊ. दोनेक महिन्यांत शेपटी बऱ्यापैकी लांब होते. ऊब आणि खाणं कमी पडलं तर जास्त वेळ लागतो.

पण ही नवी शेपटी जुन्यासारखी नसते. आत मणके नाहीत, एक सलग कूर्चेची नळी आहे. घरातल्या नेहमीच्या पालीच्या मूळ शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी असतात, नव्या शेपटीवर त्या नसतात. टॉर्च मारून पाहा, जिथून काटे थांबलेत तिथून पुढचं सगळं नंतर उगवलेलं. कधी शेपटी पुरती न तुटता नुसती चिरली गेली, तर चिरेतूनही अंकुर फुटतो आणि पालीला दोन शेपट्या होतात.

(दृश्य: भिंतीवर दुसरी पाल. मागचा एक पाय घोट्यापासून नाही.)

आणि ही दुसरी बाई. हिला नीट बघा. शेपटी शाबूत आहे, मागचा एक पाय अर्धा. तो असाच राहणार. एकच प्राणी, तेच रक्त, तेच जनुक. शेपटी येते, पाय येत नाही. माझ्या मते, माणसाचा हात का उगवत नाही हे समजून घ्यायला माणसापेक्षा हा पाय जास्त उपयोगी आहे.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पालीच्या शेपटीवर कित्येक दशकं काम झालं आहे. तिथल्या संशोधकांनी एकाच जातीच्या पालीची शेपटीची आणि पायाची जखम शेजारी शेजारी ठेवून तपासली. फरक दिसला तो दाहात. जखम झाली की सूज आणणारं एक विकर कामाला लागतं, आपल्या कित्येक वेदनाशामक गोळ्या ज्याला अडवतात तेच. शेपटीत त्याचा जोर लवकर ओसरतो आणि पडदा झटपट तयार होतो. पायात तो टिकून राहतो, दाह भडकतो आणि शेवटी जखमेवर व्रण धरतो. व्रण धरला की अंकुराला जागाच उरत नाही.

आपल्या शरीरात नेमकं हेच होतं. हात तुटला तर रक्त गोठतं, दाह होतो, आणि तंतू बनवणाऱ्या पेशी कोलॅजनचे जाड थर टाकून भोक बुजवतात. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांपासून जीव वाचवायला ते बरंच आहे. पण हाडाच्या टोकावर व्रणाचं झाकण बसतं. हाड, स्नायू, नसा यांच्या पेशी थोड्या मागे जाऊन पुन्हा वाढायला लागतील असा अंकुर तिथे होत नाही.

(दृश्य: दाराची फट. नातवाचा हात.)

आता आजीची चूक. १९७४ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टर इलिंगवर्थ यांनी लहान मुलांच्या कापलेल्या बोटांबद्दल लिहिलं. फक्त शेंडा गेला असेल आणि जखम शिवून बंद न करता स्वच्छ पट्टीखाली उघडी ठेवली, तर शेंडा पुन्हा भरून येत होता, नखासकट. उंदरांवर हे बारकाईने तपासलं गेलं आहे. बोटाच्या शेवटच्या हाडाचं टोक कापलं तर महिन्याभरात परत येतं, तिथे छोटा अंकुरही धरतो. पण काप नखाच्या मुळामागून गेला तर व्रण. नखाच्या मुळाशी नख वाढवणाऱ्या मूळपेशी असतात, त्यांचे इशारे पोचले तरच हाड वाढतं. अंतर काही मिलिमीटरचं, पण अलीकडे एक निकाल आणि पलीकडे दुसरा.

मोलेच्या रानातलं सांबरही सस्तनच. त्याची शिंगं गळतात आणि पुन्हा पूर्ण उगवतात, कारण कवटीवरच्या खुंटात, हाडाच्या आवरणात, त्या कामाच्या पेशी राखून ठेवलेल्या असतात. त्याच सांबराचा पाय गेला तर तो गेला.

(दृश्य: वाशावरची पहिली पाल. शेपटी पुन्हा लांब, पण गुळगुळीत.)

दोन महिने झाले. आजीची पाल पुन्हा ट्यूबलाइटजवळ आली आहे. मांजरही खाली बसलंय. नव्या शेपटीत मणके नाहीत, म्हणजे तुटायची रेघही नाही. पुढच्या वेळी तिला मूळ शेपटीच्या उरलेल्या मणक्यांतून, आणखी वरून तुटावं लागेल. आणि अगदी बुडाशी जे चार-दोन मणके आहेत, त्यांत ती रेघ मुळातच नसते.