सभेची नोटीस

रात्रीचे साडेदहा. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी सोसायटीचं आय रजिस्टर. भिंतीवरच्या कॅलेंडरात 21 सप्टेंबर 2025, रविवार, या तारखेभोवती लाल गोल. सेक्रेटरीबाईंना वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढायची आहे, सोबत सभासदांना चार ओळींचं पत्र.

पत्रात काय हवं ते बाईंनी चॅटबॉटला आपल्या भाषेत सांगितलं: "टाकीचं काम तीन महिने लांबलं. चूक कमिटीची. सभेला या आणि काय ते तोंडावर बोला."

मसुदा आला: "काही अपरिहार्य कारणांमुळे सदर कामास विलंब झाला असून, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे." व्याकरणात खोट नाही. फक्त चूक कुणाची, तेवढं गायब. (सरकारी परिपत्रकं तरी दुसरं काय करतात म्हणा!) वर सुरुवातीला, "हे पत्र आपणांस उत्तम आरोग्यात मिळेल अशी आशा आहे." आपल्याकडे असं कोण लिहितं? बाईंनी ते खोडून 'स.न.वि.वि.' घातलं आणि नव्याने सांगितलं: माझी तीन वाक्यं आहेत तशीच ठेव, फक्त शुद्धलेखन बघ.

मग पाकिटांवरच्या नावांची यादी. कुळकर्णींचे कुलकर्णी झाले होते आणि सामंतांचे सावंत. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावर हे यंत्र चालतं. त्यामुळे एखादं कमी आढळणारं आडनाव नेहमीच्या आडनावाकडे घसरू शकतं, आणि वाचताना ते खटकतही नाही, हीच पंचाईत. आता बाई नावं तिथे देतच नाहीत. नावाच्या जागी मोकळी रेघ, आणि शेवटी रजिस्टर उघडून एकेक नाव हाताने.

खरी गफलत तारखेत निघाली. आदर्श उपविधींप्रमाणे या सभेला पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते. चॅटबॉटने 21 मधून 14 वजा केले आणि बिनदिक्कत लिहिलं: नोटीस 7 सप्टेंबरपर्यंत द्यावी. पण 'पूर्ण दिवस' मोजताना नोटिशीचा दिवस धरत नाहीत, सभेचाही नाही. बाईंनी कॅलेंडरवर पेन्सिल टेकवून मोजलं: 8 ते 20, तेराच भरतात. एक दिवस कमी, आणि तेवढ्यावरून कुणी सभेलाच हरकत घेतली असती. म्हणजे शेवटची तारीख 6.

आणि 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या दिवशी पोच द्यायला दार कोण उघडणार? हे काही चॅटबॉटने आपणहून सुचवलं नव्हतं.

नोटिसा 4 तारखेला, गुरुवारी वाटल्या. कुळकर्णींनी सही करण्याआधी पाकिटावरचं नाव वाचलं, चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं, आणि मग पेन मागितलं.