चाळीस सेकंदांत एक गणित

(अंबाजोगाईत कनिष्ठ महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत एक गणित कसं सोडवून दाखवायचं, ते आज बघू. आधी एक हिशेब करू. बारावीचा भौतिकशास्त्राचा पेपर ७० गुणांचा आणि वेळ तीन तास. म्हणजे एका गुणाला साधारण अडीच मिनिटं, आणि दोन गुणांच्या गणिताला पाच. पोरगं पेपरात निवांत पाच मिनिटं घेऊ शकतं. मग आपण व्हिडिओत चाळीस सेकंदांचा अट्टहास का धरायचा? गणित भराभर सोडवायला शिकवणं हा त्यामागचा हेतू नाही. एवढ्या वेळात एक विचार सुरू होऊन पूर्ण होतो आणि पोरगं तोच विचार तीनदा, चारदा पाहू शकतं. आपल्याकडे वेगाचं वेड आधीच फार आहे, त्यात भर नको.

मी एकच गणित घेतो. अनुनाद नळीचं, आपल्या प्रयोगशाळेत असते तीच नळी. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आहे. हवेच्या स्तंभाची लांबी १५.९ सेंटिमीटर असताना पहिला अनुनाद मिळतो आणि ४९.९ सेंटिमीटरला दुसरा. हवेतला ध्वनीचा वेग काढा.

मराठीत निवांत बोलताना आपण सेकंदाला दोन-सव्वादोन शब्द बोलतो. चाळीस सेकंदांत बसतात ऐंशी-नव्वद शब्द. त्यात 'नमस्कार मित्रांनो' वगैरे प्रस्तावना आली की पाच सेकंद गेले. म्हणून मी बोलायचं सगळं आधी कागदावर लिहितो. या गणिताचं असं होतं:

'फोर्क पाचशे बारा हर्ट्झचा. नळीत पहिला अनुनाद पंधरा पॉइंट नऊ सेंटिमीटरला, दुसरा एकोणपन्नास पॉइंट नऊला. ध्वनीचा वेग काढायचा. नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही कंप पावते, ती दोन्ही वेळी सारखीच. म्हणून वजाबाकी केली की ती निघून जाते आणि उरते अर्धी तरंगलांबी. वजाबाकी चौतीस सेंटिमीटर, म्हणजे शून्य पॉइंट चौतीस मीटर. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, म्हणून दोन गुणिले पाचशे बारा गुणिले शून्य पॉइंट चौतीस. दोन पाचशे बारा, एक हजार चोवीस. हजाराचे तीनशे चाळीस, चोवीसचे आठ पॉइंट सोळा. उत्तर तीनशे अठ्ठेचाळीस पॉइंट सोळा मीटर प्रति सेकंद.'

आणि पडद्यावर हे:

```
n = 512 Hz, l1 = 15.9 cm, l2 = 49.9 cm
l2 - l1 = λ/2
l2 - l1 = 34.0 cm = 0.34 m
v = nλ = 2n(l2 - l1)
v = 2 × 512 × 0.34
v = 1024 × 0.34 = 348.16 m/s
```

सहा ओळी. नवी ओळ आली म्हणून जुनी पुसायची नाही. शेवटी सहाच्या सहा ओळी पडद्यावर दिसल्या पाहिजेत, कारण पोरं तिथंच थांबवून वहीत उतरवतात. एक ओळ एकदम दाखवली तर डोळे आवाजाच्या पुढे धावतात आणि ऐकणं बंद होतं. उलट कॅमेऱ्यासमोर सावकाश लिहीत बसलं तर एका ओळीला सहा-सात सेकंद लागतात आणि आपण गप्प बसतो. गणितात दिलेल्या किमती मी आधीच लिहून ठेवतो. बाकीचं तोंडातून जसा शब्द निघेल तसं एकेक पद उमटवतो.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. माझ्या त्या संहितेतली किमान वीस अक्षरं... वीस शब्द म्हणा, फक्त नळीच्या तोंडाबाहेरच्या हवेवर खर्च झालेत. कात्री लावायला बसलात तर हात पहिल्यांदा तिथंच जाईल. कारण सूत्र लिहून किमती घातल्या तरी उत्तर येतं. पण ते वाक्य काढलं की पोरगं काय करतं बघा. बंद नळी म्हटलं की पहिला अनुनाद पाव तरंगलांबीला, हे त्याला पाठ असतं. ते सरळ चार गुणिले पाचशे बारा गुणिले ०.१५९ करतं आणि ३२५.६ आणतं. दिसायला चांगलं उत्तर. आवाजाचा वेग तीनशेच्या घरात असतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

शंका घ्यायची एक पद्धत आहे. शून्य अंश सेल्सिअसला हवेतला ध्वनीचा वेग सुमारे ३३१ मीटर प्रति सेकंद असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.६ नं वाढतो. ३२५.६ यायचा असेल तर प्रयोगशाळेतलं तापमान शून्याखाली नऊ अंश हवं. परभणीला थंडी पडते हो, पण एवढी नाही! ३४८ हा वेग मात्र अठ्ठावीस अंशांचा, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांतली आपली दुपार. हे चाळीस सेकंदांत बसत नाही, ते वर्गात सांगायचं.

दुसरी चूक एककाची. सेंटिमीटर तसेच ठेवले तर उत्तर ३४८१६ येतं आणि पोरगं त्यापुढे बिनधास्त मीटर प्रति सेकंद लिहितं. म्हणून 0.34 m ही स्वतंत्र ओळ ठेवली आहे. बोलताना 'म्हणजे' या शब्दावर मी किंचित थांबतो, तेवढ्यात पडद्यावर मीटर उमटतं. सूत्र, किमती घालणं, उत्तर आणि एकक, गुण असे तुकड्यांनी पडतात. जी ओळ व्हिडिओत नाही ती उत्तरपत्रिकेतही येत नाही, असं मला पेपर तपासताना वारंवार दिसतं.

व्हिडिओ झाल्यावर दोन परीक्षा घ्या. आवाज बंद करून बघा, फक्त पडद्यावरून गणित सुटतं का? मग फोन पालथा ठेवून ऐका, फक्त कानांनी सुटतं का? लातूरला शिकवणीसाठी जाणारी पोरं एसटीत आवाज बंद ठेवून बघतात. घरी एकाच फोनभोवती तिघं बसली की मागच्याला पडदा दिसत नाही. पहिली परीक्षा बहुतेक व्हिडिओ पास होतात. दुसरीत नापास होतात, कारण शिक्षक 'हे इकडं आलं, हे यानं गुणलं' असं बोलतो. 'हे' म्हणजे काय ते बोटालाच माहीत.

सगळी गणितं अशी होत नाहीत. मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. स्टीफनच्या नियमात तापमानाचा चौथा घात आला की लॉग बघा, चारनं गुणा, अँटिलॉग बघा. तिथं चाळीस सेकंदांसाठी मधली पायरी गाळून 'सोडवल्यावर एवढं येतं' म्हणू नका. ते गणित या प्रकारासाठी घेऊच नका, किंवा लॉगचा भाग वेगळा करा. आपल्या गणितात १०२४ ला ०.३४ नं तोंडी गुणता आलं, म्हणूनच ते मी निवडलं.

एका सरांनी आत्ता विचारलं, की तोंडाबाहेरची ती हवा किती, हेही याच व्हिडिओत का नाही सांगायचं? कारण ते वेगळं गणित आहे, आणि त्याचाही चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होतो. दुसऱ्या लांबीतून पहिलीची तिप्पट वजा करा आणि निम्मं घ्या. ४९.९ वजा ४७.७ म्हणजे २.२, त्याचे निम्मे १.१ सेंटिमीटर. ही दुरुस्ती नळीच्या आतल्या व्यासाच्या सुमारे ०.३ पट असते, म्हणजे व्यास साडेतीन-पावणेचार सेंटिमीटर निघतो. प्रयोगशाळेत जाऊन व्हर्निअरनं मोजा, साधारण तेवढाच भरला पाहिजे. आणि नळी मीटरभर लांब असेल तर पाणी आणखी खाली न्या, तिसरा अनुनाद ८३.९ ला ऐकू येईल.