दोन ओळींच्या मधे एक अक्षर रिकामं

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते दुकानाच्या फ्लेक्सवरच्या मराठी अक्षरांबद्दल. फाँट कोणता घ्यायचा, अक्षर केवढं ठेवायचं आणि दोन ओळींच्या मधे जागा किती सोडायची. नागपूरच्या एका गादीवाल्याच्या फ्लेक्समध्ये या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडल्या होत्या, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

दुकान महाल भागात, बडकस चौकाच्या अंगाला. दिवाळी सरली, पहाटे गारठा पडू लागला की तिकडे जुन्या गाद्या पिंजायला येतात. (विदर्भासारख्या कापसाच्या मुलखात राहून माणसं फोमच्या गादीवर का झोपतात, हे मला आजवर कळलेलं नाही. उन्हाळ्यात तर पाठ भाजून निघते. असो.) तर या दुकानदारानं सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच फ्लेक्स करून दारावर लावला. वरच्या पट्टीत मोठ्ठं दुकानाचं नाव, उजवीकडे मालकाचा फोटो आणि उरलेल्या जागेत चार ओळी. पहिली ओळ ‘जुन्या गाद्या’. दुसरी ‘पुन्हा नवा कापूस’. तिसरी ‘पिंजून भरून मिळतील’. चौथी ‘दुसऱ्या दिवशी घरपोच’. त्याखाली फोन नंबर.

फ्लेक्स लागला आणि गिऱ्हाईक येऊ लागलं. पण कसं? एक जण स्कूटरवर मागे गादी बांधून आला आणि म्हणाला, “काय भावानं घेता जी?” दुकानदार म्हणाला, “घेत नाही भाऊ, भरून देतो.” तो म्हणाला, “मंग जुन्या गाद्या काहून लिहिलं?” दुसरा ई-रिक्षात दोन गाद्या आणि चार उशा घालून आला, त्यालाही विकायच्याच होत्या. वर रिक्षाचं भाडं कोण देणार, यावरून दारातच हुज्जत. फोनवरही तेच, जुन्या गाद्यांचा भाव काय. आठवडाभर दुकानदाराला वाटत राहिलं की लोक वाचतच नाहीत. लोक वाचत होते. रस्त्याच्या पलीकडून, चाळीस फुटांवरून, जेवढं वाचता येत होतं तेवढं वाचत होते, आणि ते होतं फक्त ‘जुन्या गाद्या’. बाकीच्या तीन ओळींचा लगदा झाला होता.

आता हा लगदा कसा झाला, ते बघू.

आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि पायाखालीही. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऊकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीत एका ओळीला दोन्हीकडे एवढं सामान नसतं. त्यामुळे संगणकावर ओळींमधलं जे अंतर आपोआप येतं ते इंग्रजीच्या अंगानं बेतलेलं असतं, अक्षराच्या मापाच्या साधारण शंभर ते एकशेवीस टक्के. आपल्या गादीवाल्याच्या फ्लेक्सवर ते शंभरच ठेवलं होतं, कारण फोटोला आणि नावाला जागा हवी होती.

मग काय झालं? दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘पुन्हा’, आणि त्याच्या बरोबर खाली तिसऱ्या ओळीतलं ‘पिंजून’. वरच्या ‘पु’चा उकार खालच्या ‘पिं’च्या वेलांटीवर येऊन टेकला. वेलांटीवरचा अनुस्वार त्या उकारात मिसळला, दिसेनासाच झाला. त्याच ओळीत पुढे ‘कापूस’मधल्या ‘पू’चा ऊकार ‘मिळतील’च्या ‘मि’वर चढला. जवळून डोळा हे सोडवून घेतो. चाळीस फुटांवरून सोडवत नाही, तो पुढे निघून जातो.

तिसरी ओळ सगळ्यांत लांब होती. ती मालकाच्या फोटोवर जात होती म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून बसवली. अक्षर आडवं दाबलं की उभ्या काना-दांड्या बारीक होतात आणि आडवी शिरोरेषा मात्र आहे तेवढीच जाड राहते. लांबून मग जाड आडवी पट्टी दिसते, तिच्याखालचं अक्षर दिसत नाही. ओळ मावत नसेल तर शब्द कमी करा, किंवा खांड, तेको असे मुळातच अरुंद आखलेले फाँट वापरा. त्यांत दांड्यांची जाडी सांभाळलेली असते. हातानं ओढून दाबू नका.

चौथ्या ओळीत ‘दुसऱ्या’ हा शब्द. टाइप करणाऱ्यानं साधा र घेऊन पाय मोडला आणि य लावला, म्हणून ‘दुसर्या’ असा रफार आला. खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन मग पाय मोडून य लावला की ‘दुसऱ्या’ बरोबर उमटतं. इथे शुद्धलेखनापुरतंच नुकसान झालं नाही. रफार शिरोरेषेच्या वर जागा मागतो, आणि वर जागा नव्हतीच. तो ‘पिंजून’मधल्या ‘न’च्या पायाला जाऊन चिकटला.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे किनार. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं उठत नव्हती म्हणून पांढरी जाड किनार दिली. संगणकात किनार अक्षराच्या कडेवर मधोमध बसते, म्हणजे तिची निम्मी जाडी अक्षराच्या आत शिरते. अक्षर सडपातळ होतं, किनार लठ्ठ होते. ‘ळ’च्या आणि ‘भ’च्या पोकळ्या बुजतात, अनुस्वाराचा ठिपका नुसता पांढरा दिसतो. किनार द्यायचीच असेल तर कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ती अक्षराच्या मागे टाकायची सोय आहे, ती वापरा. त्याहून बरं म्हणजे किनार नकोच. पिवळ्यावर काळं, पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळं, एवढं पुरतं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी विटते, काळी टिकते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांचे गुलाबी चेहरे पंधरा दिवसांत निळसर का दिसू लागतात, तेही यातच आलं. ते चौकाचौकात लावावेतच का, हा वेगळा विषय आहे, आणि माझं मत तुम्ही ओळखलंच असेल.

दुकानदारानं फ्लेक्स नव्यानं केला. आधी मजकूर कापला. ‘जुन्या’ हा शब्द काढला, कारण नवी गादी पिंजायला कोणी आणत नाही. एकच मुख्य ओळ ठेवली: ‘गादी पिंजून भरून मिळेल’. खाली लहान अक्षरांत ‘गाद्या, उशा, तक्के, दुसऱ्या दिवशी घरपोच’. मग फोन नंबर आणि सगळ्यात शेवटी दुकानाचं नाव. फोटो गेला. मालक दुकानात बसलेलाच असतो, त्याला बाहेर कशाला टांगायचा?

अक्षर केवढं, याचा हिशेब सोपा आहे. दर दहा फुटांना एक इंच. उंची मोजायची ती शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, मात्रा आणि उकार सोडून. चाळीस फुटांवरून वाचायचं आहे, तर चार इंच. पुन्हा सांगतो, दर दहा फुटांना एक इंच. संगणकावरच्या पॉइंटवर विसंबू नका, कारण त्या आकड्यात वरखालची जागाही धरलेली असते आणि ती प्रत्येक फाँटची वेगळी. एक साधा ‘न’ काढा आणि मोजपट्टीनं मोजा.

मुख्य ओळ चार इंचांची केली, ती साधारण छप्पन्न इंच लांब भरली. फ्लेक्स बहात्तर इंच रुंद, म्हणजे दोन्ही कडांना समास सोडून व्यवस्थित मावली. दुसरी ओळ दोन इंचांची, कारण ती दाराशी येणाऱ्यानं वाचायची. नंबर तीन इंचांचा, पाच-पाच आकड्यांचे दोन गट करून. पुष्कळ फाँटांत देवनागरी १ आणि ९ लांबून सारखेच दिसतात, तेव्हा नंबर त्या फाँटात छापून एकदा लांबून बघून घ्या.

आता ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीच्या अक्षरांचा पाय आणि खालच्या ओळीची शिरोरेषा यांच्या मधे निदान एक अक्षर-उंची मोकळी हवी. उकार आणि वेलांट्या समोरासमोर येत असतील तर सव्वा. चार इंची ओळीखाली पाच इंच. हे किती टक्के भरतं ते प्रत्येक फाँटचं वेगळं. टक्के विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: दोन ओळींच्या मधे एक अक्षर रिकामं. जागा पुरत नसेल तर एक ओळ काढा, अंतर कमी करू नका. दोन ओळींच्या मधे एक अक्षर रिकामं.

फाँटाचं थोडक्यात सांगतो. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळतात आणि लांबून स्वच्छ वाचता येतात. गोलसर हवा तर बालू. जाडी मध्यम-जाड घ्या, सगळ्यात जाड नको, नाहीतर पोकळ्या बुजतात. मोदक नावाचा फाँट दिसतो गोड, पण त्यात पोकळ्यांच्या जागी नुसत्या रेघा उरतात. एखादा मोठा शब्द काढायला ठीक, ओळ लिहायला नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या भानगडीत पडू नका, शिरोरेषा तुटते. आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, ते बघा. राज्य सरकारनं २००९ मध्ये ही वळणं ठरवून दिली आहेत, पण पुष्कळ फाँटांत हिंदी वळण आपोआप येतं.

छापण्याआधीची तपासणी घरीच होते. फ्लेक्सचा नमुना ए-फोर कागदावर आडवा, कागदभर छापा. सहा फुटी फ्लेक्स त्यावर साधारण सहापट लहान होतो, म्हणून अंतरही सहापट कमी करायचं. चाळीस फुटांच्या जागी साडेसहा फूट. कागद भिंतीला लावा, साडेसहा फुटांवर उभे राहा आणि ज्यानं मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाला मोठ्यानं वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे दोन ओळी एकमेकींना भिडल्या आहेत का, ते आधी बघा. सगळं नीट वाचलं गेलं की मगच फाइलमधली अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांमध्ये, बदलून फ्लेक्सवाल्याकडे द्या. नाहीतर त्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसला तर तो दुसराच कुठला तरी टाकून छापील, आणि ओळींचं सगळं माप पुन्हा बिघडेल.

नमस्कार.