बिनपगारी इंटर्नशिप : फायदा नक्की कुणाचा?

नमस्कार मंडळी. दर मे महिन्यात मला एकच फोन येतो, की सर, न्यू जर्सीत एका कंपनीत इंटर्नशिप मिळतेय, पण पैसे देत नाहीत, आणि एका कागदावर सही मागतायत की मी पगार मागणार नाही, तर करू का सही? आज तेवढ्याच विषयावर बोलतो, अमेरिकेतल्या केंद्राच्या कायद्याबद्दल, कारण इथे बसलेले बरेचजण तिकडे मास्टर्सला निघालेत.

आधी त्या सहीचं सांगतो. किमान वेतनाचा हक्क तुम्ही सही करून सोडूच शकत नाही. १९८५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय, त्या खटल्यात काम करणारे लोक स्वतःच म्हणत होते की आम्हाला पगार नकोय, तरी कोर्टाने त्यांना कर्मचारीच धरलं. म्हणजे कायद्याने तुम्ही कर्मचारी ठरलात तर तो कागद कंपनीला वाचवत नाही.

मग कर्मचारी कधी ठरता? १९४७ चा रेल्वेचा एक खटला आहे, ब्रेकमनचं, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळण्याचं काम शिकायला आलेली मुलं, साताठ दिवसांचं ट्रेनिंग, पगार नाही. कोर्ट म्हणालं हे कर्मचारी नाहीत, कारण त्यांनी कुणाची जागा घेतली नव्हती, रेल्वेला तत्काळ फायदा काहीच नव्हता, उलट शिकवताना कधीकधी कामाचा खोळंबाच व्हायचा. हे 'खोळंबा' लक्षात ठेवा, खरं शिकवायचं तर कुणाचातरी वेळ जातोच.

नंतर 'ब्लॅक स्वान' सिनेमाच्या निर्मितीत फुकट राबलेल्या इंटर्न्सनी केस केली, ग्लॅट खटला म्हणतात त्याला. खालच्या कोर्टात ते जिंकले, पण २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवून नवी कसोटी दिली की या नात्यातून जास्त फायदा कुणाला होतो, इंटर्नला की कंपनीला? जानेवारी २०१८ पासून लेबर डिपार्टमेंटही हीच कसोटी वापरतं. त्यात सात गोष्टी बघतात, पगाराची अपेक्षा होती का, शिक्षण कॉलेजसारखं होतं का, कॉलेजचं क्रेडिट मिळतं का, वेळ कॉलेजच्या वेळापत्रकाशी जुळते का, शिकणं संपल्यावरही इंटर्नशिप लांबते का, पगारी माणसाचं काम इंटर्नवर टाकलंय का, आणि शेवटी नोकरीचं आश्वासन होतं का. यात पास-नापास नसतं, सगळं एकत्र तोलतात, म्हणून क्रेडिट मिळालं की झालं असं अजिबात नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा एक मुलगी एका छोट्या मार्केटिंग फर्ममध्ये बारा आठवडे, आठवड्याला तीस तास जाते. पहिले दोन आठवडे कॅम्पेन कसं आखतात ते कुणीतरी शेजारी बसून शिकवतं, तिचं काम तपासतं. इथवर ठीक आहे. मग ऑर्डर एंट्री करणारी पगारी बाई नोकरी सोडते, तिच्या जागी कुणी घेत नाहीत, आणि पुढचे दहा आठवडे ही मुलगी रोज तेच करते, कुणी शिकवत नाही, कॉलेजची परीक्षा असली तरी सुट्टी नाही. माझ्या मते ती तिसऱ्या आठवड्यापासून सरळसरळ कर्मचारी आहे, आणि कोर्ट पूर्ण बारा आठवडेही धरू शकतं. बारा धरले तर ३६० तास, केंद्राचं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, म्हणजे २,६१० डॉलर, आणि तेवढीच रक्कम नुकसानभरपाई म्हणून वर, एकूण ५,२२०. न्यू जर्सीचा दर यापेक्षा बराच जास्त आहे, तेव्हा खरा आकडा अजून वाढेल.

ही कसोटी नफा कमावणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. सरकारी ऑफिसात किंवा धर्मादाय संस्थेत खरोखर स्वेच्छेने, पगाराची अपेक्षा न ठेवता काम केलं तर सहसा चालतं.

आता एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी नीट ऐका. पैसे मिळत नाहीत म्हणून परवानगी लागत नाही, हा समज धोकादायक आहे. काम जर कर्मचाऱ्याचं ठरलं तर ते विनापरवाना नोकरी धरलं जाऊ शकतं आणि त्याचा फटका स्टेटसला बसतो, म्हणून आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये विचारा, सीपीटी, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, लागेल का ते. आणि स्टेम ओपीटीवर, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर मिळणाऱ्या कामाच्या वाढीव परवानगीवर तर बिनपगारी काम चालतच नाही, तिथे पगार हवाच.

अजून एक, तासांची नोंद स्वतः ठेवा, रोज, तारखेनिशी, काय काम केलं आणि कुणी सांगितलं तेही लिहा, फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल. कंपनीने तुम्हाला कर्मचारी मानलेलंच नसतं त्यामुळे तिच्याकडे बहुतेकदा तुमचे तासच नसतात, मग तुमची ही नोंद फार उपयोगी पडते. दाव्याची मुदत साधारण दोन वर्षं, कंपनीने जाणूनबुजून केलं असेल तर तीन, आणि ही मुदत प्रत्येक पगाराच्या तारखेपासून वेगवेगळी मोजतात, त्यामुळे उशीर केलात तर सुरुवातीच्या आठवड्यांचे पैसे आधी बुडतात.